बक्षीसपत्र रद्द होतं, पण केव्हा? सांभाळाची अट शोधण्यापासून घर परत नावावर होईपर्यंत

आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात दर शनिवारी संध्याकाळी मी लोकांची कागदपत्रं वाचून देतो. तिथे येणाऱ्यांच्या हातात बहुधा एक प्लास्टिकची पिशवी असते. तिच्यात रेशन कार्ड, पेन्शनचं पासबुक, दवाखान्याची फाईल आणि सगळ्यात खाली बक्षीसपत्र. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले एक काका असेच आले. वय ७४. वन बीएचके फ्लॅट २०१९ मध्ये मुलाच्या नावे बक्षीस दिलेला. "सांभाळत नाही म्हटल्यावर बक्षीस आपोआप रद्द होतं ना?" हा त्यांचा पहिला प्रश्न.

आपोआप काहीच रद्द होत नाही. मुलगा सांभाळत नाही एवढं सिद्ध करूनही भागत नाही. "मी हे घर सांभाळण्याच्या अटीवर दिलं होतं" हेही दाखवावं लागतं. बहुतेक अर्ज इथेच अडतात, म्हणून हा लेख त्या एका अटीभोवती लिहिला आहे.

कायदा नेमकं काय म्हणतो

कायद्याचं नाव लांबलचक आहे: आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७. महाराष्ट्रात तो १ मार्च २००९ पासून लागू आहे. आपल्या कामाचं कलम २३. त्याचं पहिलं पोटकलम साध्या भाषेत असं: ज्येष्ठ नागरिकानं हा कायदा लागू झाल्यानंतर बक्षीसपत्रानं किंवा दुसऱ्या रीतीनं आपली मालमत्ता कोणाला दिली, देताना 'घेणाऱ्यानं माझ्या मूलभूत सुविधा आणि शारीरिक गरजा भागवाव्यात' अशी अट होती, आणि घेणाऱ्यानं तसं करायला नकार दिला किंवा कसूर केली, तर ते हस्तांतरण फसवणुकीनं, जबरदस्तीनं किंवा गैरवाजवी दबावाखाली झालं असं मानलं जाईल आणि देणाऱ्याची इच्छा असेल तर या कायद्याखाली नेमलेलं न्यायाधिकरण ते रद्दबातल ठरवेल.

यातला 'मानलं जाईल' हा भाग फार मोलाचा आहे. दिवाणी कोर्टात फसवणूक म्हटली की ती कशी, कुठे, कोणी केली हे सगळं शाबीत करावं लागतं. इथे तसं नाही. अट होती आणि ती मोडली, एवढं दाखवलं की फसवणूक झाल्याचं कायदाच गृहीत धरतो.

'दुसऱ्या रीतीनं' या शब्दांत हक्कसोडपत्रही येतं. मृत्युपत्र येत नाही, पण त्याची काळजीही नको. ते हयातीत केव्हाही बदलता येतं. तारखा मात्र आधी तपासा. बक्षीसपत्र १ मार्च २००९ च्या आधीचं असेल तर कलम २३ चा उपयोग नाही. दस्त करताना देणाऱ्याचं वय ६० पूर्ण नव्हतं, असं असेल तर समोरचा पहिला आक्षेप तोच घेईल, कारण कलमात 'ज्येष्ठ नागरिकानं' दिलेल्या मालमत्तेचीच भाषा आहे.

पहिलं काम: दस्त बाहेर काढा आणि अट शोधा

मूळ बक्षीसपत्र मुलाकडे असेल तर अडून बसू नका. ज्या दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदणी झाली तिथून प्रमाणित नक्कल मिळते. दस्त क्रमांक आणि वर्ष माहीत असलं की काम सोपं होतं, आणि ते इंडेक्स टू वर, म्हणजे दस्त नोंदणीच्या सारांशाच्या कागदावर, छापलेलं असतं.

नक्कल हातात आली की पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. आपल्याकडच्या दस्तांत देणाऱ्याला 'लिहून देणार' आणि घेणाऱ्याला 'लिहून घेणार' म्हणतात. फ्लॅटचं वर्णन, चतुःसीमा, मुद्रांक शुल्काचा मजकूर यांच्या गर्दीत आपल्याला हवं ते वाक्य कुठेतरी दडलेलं असतं. काकांच्या दस्तात ते चौथ्या पानावर सहाव्या परिच्छेदात सापडलं: 'लिहून घेणार हे लिहून देणार यांचा मुलगा असून तो लिहून देणार यांचा सांभाळ करीत आहे व यापुढेही करील.' काकांनी सही केली तेव्हा ते वाक्य वाचलंही नव्हतं. आमच्या सगळ्या कामाचा पाया पुढे तेच वाक्य झालं.

शोधताना 'सांभाळ', 'पालनपोषण', 'देखभाल', 'औषधोपचार', 'हयातभर', 'अट' या शब्दांवर बोट ठेवा. उलट बाजूनं 'बिनशर्त' हा शब्दही शोधा. पुष्कळ मसुद्यांत 'प्रेम व आपुलकीपोटी बिनशर्त' असा छापील मजकूर असतो आणि समोरचा वकील त्यावरच बोट ठेवतो.

वाचून झालं की तीनपैकी एक परिस्थिती समोर येते. अट दस्तातच आहे, मग ती कितीही ढोबळ शब्दांत असो. किंवा दस्तात नाही, पण त्याच सुमाराच्या दुसऱ्या कागदात आहे. किंवा लेखी कुठेच नाही. पुढचा सगळा रस्ता यावर ठरतो.

सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल

हे दोन निकाल एकमेकांशेजारी ठेवून वाचले की अट म्हणजे काय ते नीट कळतं.

पहिला ६ डिसेंबर २०२२ चा. न्यायमूर्ती संजय किशन कौल आणि न्यायमूर्ती अभय ओक यांच्यापुढे गुरुग्रामचं प्रकरण होतं. एका आईनं २०१५ मध्ये हक्कसोडपत्रानं आपला हिस्सा अपत्यांकडे सोपवला होता. न्यायाधिकरणानं दस्त रद्द केला, उच्च न्यायालयानं तो निर्णय उचलून धरला, पण सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला. कारण सांभाळण्याच्या अटीवर हक्क सोडला, असं आईच्या अर्जात म्हटलेलंच नव्हतं. आई-वडील पुष्कळदा निव्वळ मायेपोटी, कसलीही अपेक्षा न ठेवता मालमत्ता देतात, म्हणून प्रत्येक बक्षिसाला सांभाळाची अट जोडलेली असतेच असं धरता येत नाही, असं न्यायालयानं सांगितलं. अट अर्जात मांडली पाहिजे आणि ती न्यायाधिकरणापुढे शाबीतही झाली पाहिजे.

दुसरा २ जानेवारी २०२५ चा, न्यायमूर्ती सी. टी. रविकुमार आणि न्यायमूर्ती संजय करोल यांचा. मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या आईनं सप्टेंबर २०१९ मध्ये मुलाला बक्षीसपत्र करून दिलं. मुलगा आईचा सांभाळ करतो, असा उल्लेख त्यात होता. त्याच वेळी मुलानं वेगळं वचनपत्र लिहून दिलं की तो आई-वडिलांना शेवटपर्यंत सांभाळेल आणि तसं न केल्यास आईला बक्षीस परत घेता येईल. डिसेंबर २०२० मध्ये आईनं अर्ज केला. उपविभागीय दंडाधिकारी, जिल्हाधिकारी आणि उच्च न्यायालयाचे एकल न्यायाधीश तिघांनीही आईच्या बाजूनं निकाल दिला. खंडपीठानं मात्र अट बक्षीसपत्रातच स्पष्ट हवी होती म्हणून तो उलटवला. सर्वोच्च न्यायालयानं दोन्ही कागद एकत्र वाचले, अट होती असं मानलं, बक्षीसपत्र रद्द केलं आणि २८ फेब्रुवारी २०२५ पर्यंत आईला ताबा देण्याचा आदेश दिला. हा कायदा वृद्धांच्या हितासाठी आहे, म्हणून त्याचा अर्थ उदारपणे लावावा आणि गरज असेल तिथे न्यायाधिकरण ताबाही परत देववू शकतं, हेही या निकालानं स्पष्ट केलं.

दुसऱ्या निकालानं पहिला पुसला गेला असं समजून पुष्कळ जण निर्धास्त होतात. तसं झालेलं नाही. अट लागतेच. ती कोणत्या कागदात शोधायची याबाबत न्यायालयानं उदार दृष्टी घेतली, एवढंच.

दुसरं काम: सांभाळ थांबल्याचा पुरावा

कायद्यात सांभाळ म्हणजे अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी आणि उपचार. पुरावाही याच गोष्टींचा गोळा करायचा. सून नीट बोलत नाही, नातवंडांना भेटू देत नाहीत, याचं दुःख खरं असतं. पण नुसत्या त्यावर कलम २३ चालत नाही. औषधं कोण आणतं, डॉक्टरांकडे कोण नेतं, जेवणाची काय सोय, घरात राहू देतात की नाही, हे कागदावर दिसायला हवं.

काकांच्या पासबुकात एक गोष्ट लख्ख दिसत होती. २०२२ च्या दिवाळीपर्यंत मुलाच्या खात्यातून दर महिन्याला तीन हजार रुपये यायचे, त्यानंतर एकही रुपया नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं बिल काकांच्या धाकट्या बहिणीनं भरलं होतं आणि पावतीवर तिचं नाव होतं. समोरच्या खोलीला बाहेरून कुलूप लावल्याचा फोटो होता. डबा पुरवणाऱ्या बाईंनी महिन्याच्या हिशेबाची वही दिली. हे चार कागद चार पानांच्या तक्रारीपेक्षा जास्त बोलके होते.

तुमच्याकडे असं काही नसेल तर आजपासून तयार करा. मुलाला साधं पत्र लिहा: 'अमुक तारखेच्या बक्षीसपत्रानं मी तुला घर दिलं ते तू माझा सांभाळ करशील या अटीवर. अमुक महिन्यापासून तू औषधांचे व जेवणाचे पैसे देणं बंद केलं आहेस. पंधरा दिवसांत पूर्ववत व्यवस्था कर.' हे स्पीड पोस्टानं पाठवा, पावती आणि पोचल्याची नोंद जपून ठेवा. उत्तर आलं तर त्यात काहीतरी कबुली असते, नाही आलं तर तीही वागणुकीची खूण. व्हॉट्सॲपवरचे संदेश पुसू नका. तारीख आणि नंबर दिसेल अशा रीतीनं त्यांच्या प्रती काढा. बक्षीसपत्र करण्याच्या आसपासच्या दिवसांतले संदेश तर आवर्जून शोधा. "बाबा, घर नावावर केलं की तुमची सगळी जबाबदारी माझी" असा एखादा संदेश अटीच्या पुराव्याला हातभार लावतो.

इथे कळकळीनं एक सांगतो. मागची तारीख टाकून वचनपत्र तयार करण्याचा सल्ला कोणी दिला तर त्याच्या नादी लागू नका. मुद्रांक विक्रेत्याच्या नोंदवहीत कागदाचा क्रमांक आणि विक्रीची तारीख असते. खोटेपणा उघडा पडला की खरी बाजूही बुडते.

तिसरं काम: अर्ज

अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे आपल्या भाषेत प्रांतांकडे करायचा. निर्वाह न्यायाधिकरणाचे पीठासीन अधिकारी तेच असतात. तुम्ही राहता तिथे, आधी राहत होता तिथे किंवा मुलगा राहतो तिथे अर्ज करता येतो. वकील लागलाच पाहिजे असं नाही. हा कायदा सोप्या, थोडक्यात चालणाऱ्या कामकाजासाठी केलेला आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या वतीनं त्यानं अधिकार दिलेली व्यक्ती किंवा नोंदणीकृत संस्था अर्ज करू शकते. लेक परदेशात असेल तर गावातल्या विश्वासातल्या माणसाला असा अधिकार देऊन काम सुरू होतं.

काकांनी एका टायपिस्टकडून करून आणलेला पहिला अर्ज आठ पानांचा होता. लग्नापासूनचा सगळा इतिहास त्यात होता, सुनेच्या माहेरचा उद्धार होता, आणि 'अट' हा शब्द एकदाही नव्हता. गुरुग्रामच्या आईचं नेमकं हेच चुकलं होतं. आम्ही तो दोन पानांवर आणला. गाभा असा होता:

'मी दि. … रोजी दस्त क्र. … अन्वये अर्जात वर्णन केलेली सदनिका गैरअर्जदार यांना बक्षीस दिली. दस्ताच्या वेळी माझे वय ६० वर्षांपेक्षा अधिक होते. गैरअर्जदार हे माझा हयातभर सांभाळ करतील, म्हणजे मला राहण्यास जागा, जेवण, औषधोपचार व देखभाल पुरवतील, या अटीवरच मी सदर बक्षीस दिले. ही अट दस्ताच्या पान ४ वरील परिच्छेद ६ मध्ये नमूद आहे. नोव्हेंबर २०२२ पासून गैरअर्जदार यांनी पुढीलप्रमाणे कसूर केली आहे…'

त्यापुढे कसुरीच्या घटना तारखेनुसार, प्रत्येकीसमोर कोणता कागद जोडला त्याचा क्रमांक. शेवटी मागण्या. त्या नेमक्या लिहाव्या लागतात, कारण मागितलं नाही ते मिळेलच असं नाही. कलम २३ नुसार बक्षीसपत्र रद्दबातल घोषित करावं. सदनिकेचा ताबा परत द्यावा. निकालापर्यंत गैरअर्जदारानं ती विकू, गहाण ठेवू किंवा कोणाला देऊ नये असा अंतरिम आदेश व्हावा. आणि जोडीला दरमहा निर्वाह भत्ता. हा भत्ता कायद्यानुसार महिन्याला जास्तीत जास्त दहा हजार रुपये आहे.

अंतरिम आदेशाची मागणी विसरू नका. सुनावणी चालू असताना मुलानं घर तिसऱ्याला विकलं आणि त्या घेणाऱ्यानं पैसे मोजून, काही माहीत नसताना खरेदी केली असेल, तर सगळं प्रकरण फार गुंतागुंतीचं होतं. म्हणून अर्ज दाखल झाला की त्याची पोच घेतलेली प्रत हाउसिंग सोसायटीच्या सचिवांना आणि घरावर कर्ज असेल तर त्या बँकेलाही देऊन ठेवावी. जमिनीच्या बाबतीत तलाठ्याकडे. मग माहिती नव्हती असं पुढे कोणाला म्हणता येत नाही.

सुनावणीत काय होतं

पहिल्या तारखांना नोटीस, हजेरी आणि बहुधा समेटाचा प्रयत्न. न्यायाधिकरण प्रकरण समेट अधिकाऱ्याकडे पाठवू शकतं. समेट झाला तर चांगलंच. पण "घरी जा, आता तो बघेल" एवढ्यावर अर्ज मागे घेऊ नका. दरमहा किती रक्कम, कोणत्या खात्यात, कोणत्या तारखेला, कोणती खोली, औषधांचा खर्च कोणाचा, हे लिहून त्यावर दोघांच्या सह्या आणि न्यायाधिकरणाचा आदेश हवा. काकांनी पहिल्या तारखेला तोंडी शब्दावर विश्वास ठेवला होता. दोन महिने पैसे आले आणि पुन्हा थांबले. सुदैवानं अर्ज मागे घेतलेला नव्हता, नुसती पुढची तारीख घेतली होती, म्हणून तिथूनच काम पुढे चालू झालं.

मुलाच्या बाजूनं ठरावीक मुद्दे येतात. 'ते वाक्य म्हणजे अट नव्हे, नुसता उल्लेख आहे.' याला उत्तर म्हणून छतरपूरच्या निकालाची प्रत द्या, कारण तिथेही बक्षीसपत्रात असाच उल्लेख होता. मात्र तिथे सोबत वचनपत्रही होतं. तुमच्याकडे वचनपत्र नसेल तर दस्ताच्या सुमाराचे संदेश आणि दस्तावर साक्षीदार म्हणून सह्या करणाऱ्यांची प्रतिज्ञापत्रं ही उणीव भरून काढतात. काकांच्या दस्ताचे एक साक्षीदार त्यांचे जुने सहकारी होते. 'मुलगा शेवटपर्यंत बघेल म्हणूनच हे घर देतोय असं सही करताना बोलणं झालं होतं,' असं त्यांनी प्रतिज्ञापत्रावर सांगितलं.

दुसरा मुद्दा: 'दुसऱ्या भावंडांनी वडिलांना भरीस घातलंय.' यासाठी अर्जदारानं स्वतः हजर राहून आपल्या शब्दांत बोलावं. प्रांत विचारतात तेव्हा मुलीनं किंवा पुतण्यानं मध्येच उत्तर देऊ नये. त्या एका सवयीनं चांगल्या प्रकरणावर संशय येतो.

तिसरा मुद्दा सुनेचा. घर हे तिचं सासरचं राहतं घर आहे, तिला कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली तिथे राहण्याचा हक्क आहे, असं म्हणणं येऊ शकतं. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलंय की ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचा वापर करून सुनेचा हा हक्क सरसकट डावलता येत नाही, दोन्ही कायद्यांचा मेळ घालावा लागतो. सून खरोखर त्याच घरात राहत असेल आणि तिचाही संसार मोडकळीला आलेला असेल, तर ताब्याच्या मागणीत तिच्या निवाऱ्याचं काय, याचा विचार आधीच मांडावा. तो मांडणं न्यायाचंही आहे, आणि आदेश वरच्या कोर्टात टिकायलाही त्यानं मदत होते.

प्रत्येक तारखेनंतर रोजनाम्यात, म्हणजे न्यायाधिकरणाच्या कामकाजाच्या नोंदीत, काय लिहिलं ते बघा. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या. निर्वाहाचा अर्ज नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निकाली काढावा, अपवादात्मक परिस्थितीत आणखी ३० दिवस, असं कायदा म्हणतो. बक्षीसपत्राचा वाद जास्त वेळ घेतो, त्याची मनाची तयारी ठेवा.

आदेश मिळाल्यानंतर

इथे पुष्कळ जण थांबतात आणि वर्षभरानं कळतं की घर कागदोपत्री अजून मुलाच्याच नावावर आहे. आदेशाच्या चार-पाच प्रमाणित प्रती घ्या. एक दुय्यम निबंधकांकडे द्या आणि दस्ताच्या नोंदीवर तशी टीप घेण्याचा लेखी अर्ज करा. एक सोसायटीला, शेअर सर्टिफिकेटवर नाव पुन्हा लावण्यासाठी. शेतजमीन असेल तर तलाठ्याकडे फेरफारासाठी, शहरातला बंगला किंवा प्लॉट असेल तर नगर भूमापन कार्यालयात मिळकत पत्रिकेसाठी. मालमत्ता कर आणि वीजबिल शेवटी. ताबा सोडत नसतील तर स्वतः कुलूप तोडू नका. त्याच न्यायाधिकरणाकडे अंमलबजावणीचा अर्ज करून पोलीस बंदोबस्तात ताबा घ्या.

आदेश विरोधात गेला तर ६० दिवसांच्या आत जिल्हाधिकाऱ्यांकडील अपिलीय न्यायाधिकरणात अपील करता येतं. अपिलाचा हा हक्क कलमाच्या शब्दांत आई-वडिलांना आणि ज्येष्ठ नागरिकांना दिलेला आहे. मुलांनाही तो आहे का, यावर उच्च न्यायालयांत एकमत नाही. मुलगा रिट याचिका करून उच्च न्यायालयात जाऊ शकतो, आणि घराचा प्रश्न असला की तो बहुधा जातोच. म्हणून सगळी फाईल नीट क्रमानं लावून ठेवा.

अट कुठेच लिहिलेली नसेल तर

ही सगळ्यात अवघड परिस्थिती. मद्रास उच्च न्यायालयानं मार्च २०२५ मध्ये असं म्हटलं की माया-ममतेपोटी दिलेल्या मालमत्तेत सांभाळाची अट गर्भितच असते, ती वेगळी लिहायला हवी असं नाही. केरळ उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठानं २०२० मध्ये याच्या उलट मत दिलं होतं की अट दस्तातच स्पष्ट हवी. गुरुग्रामचा निकाल तर सर्वोच्च न्यायालयाचा आहे. तेव्हा अट लेखी नसली तरी ती होती हे अर्जात ठामपणे मांडावं, पण खरं असेल तरच, आणि परिस्थितीवरून दाखवावं. हे एकमेव घर होतं का? दस्तानंतरही वडील तिथेच राहत होते का? काही महिने मुलगा खरोखर खर्च करत होता का? ज्याच्याकडे दुसरं छप्पर नाही तो म्हातारपणी डोक्यावरचं छप्पर काहीही न ठरवता देऊन टाकेल, हे पटण्यासारखं नाही, असा हा युक्तिवाद आहे. तो चालेलच याची हमी मी देणार नाही.

म्हणून अशा वेळी दोन गोष्टी सोबत कराव्यात. एक, निर्वाह भत्त्याची मागणी. तिला बक्षीसपत्राची किंवा अटीची गरज नाही, ती अपत्यांविरुद्ध स्वतंत्र हक्कानं मिळते. दोन, सही करताना काय कागद आहे हेच सांगितलं नव्हतं, आजारपणात अंगठा घेतला, असं काही घडलं असेल तर दिवाणी न्यायालयात दस्त रद्द करण्याचा दावा. त्याची मुदत तीन वर्षांची आहे आणि ती फसवणूक कळल्यापासून मोजतात. ते मात्र वकिलाचं काम आहे, आणि तारखेचा हिशेब लवकर करायला हवा.

ज्यांनी अजून सही केलेली नाही त्यांच्यासाठी

महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेती मुलाला, मुलीला, नातवंडांना बक्षीस द्यायची तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे, काही ठिकाणी त्यावर एक टक्का अधिभार. एवढ्या स्वस्तात होतं म्हणून लोक घाईनं करून टाकतात. मुलांमधले वाद टाळणं एवढाच हेतू असेल तर मृत्युपत्र पुरेसं असतं, आणि घर शेवटपर्यंत तुमचंच राहतं. बक्षीसपत्र करायचंच ठरलं असेल, तर मसुद्यात हा परिच्छेद घालायला सांगा:

'लिहून घेणार यांनी लिहून देणार यांना त्यांच्या हयातीपर्यंत सदर सदनिकेत राहू द्यावे, तसेच त्यांचे जेवण, कपडालत्ता, औषधोपचार व आजारपणातील देखभाल करावी, या अटीस अधीन राहून हे बक्षीसपत्र करून दिले आहे. लिहून घेणार यांनी तसे करण्यास नकार दिल्यास किंवा कसूर केल्यास लिहून देणार यांना आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ च्या कलम २३ नुसार हे बक्षीसपत्र रद्दबातल घोषित करून घेण्याचा व ताबा परत मिळवण्याचा हक्क राहील. ही अट लिहून घेणार यांस मान्य व कबूल आहे.'

दस्तात दुसरीकडे 'बिनशर्त' शब्द राहिला असेल तर तो काढून टाका, नाहीतर दोन परिच्छेद एकमेकांवर उठतात. 'मला वाटेल तेव्हा रद्द करीन' असंही लिहू नका. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १२६ नुसार निव्वळ देणाऱ्याच्या मर्जीवर रद्द होणारं बक्षीस मुळातच निरर्थक ठरतं. कसूर झाल्यास रद्द करण्याची अट मात्र चालते. आणि मुलाची सही बक्षीस स्वीकारल्याच्या ओळीखाली घेतातच, तशीच ती या परिच्छेदाच्या पानावरही घ्या. मसुदा नोंदणीच्या आदल्या दिवशी घरी आणा आणि कोणाकडून तरी मोठ्यानं वाचून घ्या. कार्यालयात बोटांचे ठसे आणि फोटो घेण्याच्या गडबडीत वाचायला वेळ मिळत नाही. काकांनाही मिळाला नव्हता.